माणसं नेमकी कुठे उठतात?

वेबिनार पार पडतो, रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढतं, आठवड्याने आयोजक मंडळी पुन्हा एकत्र बसतात आणि कोणीतरी मोबाइल पुढे करून सांगतं, "लोक सरासरी साडेसत्तावीस मिनिटंच बघतायत. पुढच्या वेळी अर्ध्या तासात उरकू या." आकडा समोर असल्यामुळे सगळ्यांना ते पटतं. मात्र हा निर्णय बऱ्याचदा चुकतो. दोन मिनिटांत पळालेले आणि दीड तास बसलेले, सगळे एकत्र मिसळून ती सरासरी निघालेली असते. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या मिनिटाला कदाचित कोणीच उठलेलं नसतं.

माणसं कुठे उठली हे सांगणारी रेघ वेगळी असते आणि ती त्याच पडद्यावर सरासरीच्या शेजारी असते. YouTube Studio मध्ये कोणत्याही व्हिडिओच्या `Analytics` मध्ये प्रेक्षक टिकण्याचा आलेख मिळतो. आडव्या अक्षावर रेकॉर्डिंगची मिनिटं आणि उभ्या अक्षावर त्या क्षणाला बघणाऱ्यांचं टक्क्यांतलं प्रमाण. तो तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून कार्यक्रमाच्या दुसऱ्याच सकाळी उघडून हळहळण्यात अर्थ नसतो. ही रेघ नीट वाचता आली, तर पुढचा कार्यक्रम किती वेळाचा असावा आणि कोणता विषय कुठे असावा, या दोन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर तिच्यात सापडतं.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशेब कळावा म्हणून मांडलेले आहेत. कार्यक्रमाचा साचा मात्र दोन-चार कृषी वेबिनार पाहिलेल्यांना ओळखीचा वाटेल. विषय डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे पानांवर-फळांवर तेलकट डाग पाडून पुढे फळ तडकवणारा जिवाणूजन्य रोग. वेळ संध्याकाळी साडेसातची, एकूण शंभर मिनिटं. पहिली दहा मिनिटं स्वागत, प्रास्ताविक आणि वक्त्यांचा परिचय, पदव्यांसकट. मग अठरा मिनिटं रोगाची लक्षणं आणि प्रसार. पुढे सतरा मिनिटं बहार कोणता धरावा, बागेला विश्रांती किती द्यावी, छाटणी कशी करावी. पंचेचाळिसाव्या मिनिटाला फवारणीचं वेळापत्रक सुरू होतं आणि ते साठाव्या मिनिटापर्यंत चालतं. त्यानंतर बारा मिनिटं पीकविमा आणि अनुदानाच्या योजना. शेवटी प्रश्नोत्तरं आणि अर्थातच आभारप्रदर्शन.

रेकॉर्डिंग एक हजार वेळा सुरू केलं गेलं असं धरू. पहिल्या अर्ध्या मिनिटातच बघणारे १०० टक्क्यांवरून ६८ वर आले. सातव्या मिनिटाला, परिचय चालू असताना, ३० वर. दहाव्या मिनिटाला मात्र रेघ चढून ३८ वर गेली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला २७, पंचेचाळिसाव्याला २२. मग फवारणीचा तक्ता पडद्यावर आला आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला आकडा ४१ झाला. साठाव्या मिनिटाला ३६. योजनांचं सांगणं चालू असताना सहासष्टाव्या मिनिटाला १९, प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर पुन्हा २६, एक्याण्णवाव्या मिनिटाला १५ आणि आभार संपेपर्यंत ४.

पहिल्यांदा बघणारा इथेच गोंधळतो. बाविसाचे एकेचाळीस झाले कसे? आधीच निघून गेलेले परत आले का? ही रेघ हजेरीपट नाही. ती प्रत्येक क्षणापुरती वेगळी मोजणी आहे. मधली मिनिटं ओलांडून थेट तक्त्यावर आलेला माणूस चौथ्या मिनिटाच्या मोजणीत नसतो, अठ्ठेचाळिसाव्याच्या मोजणीत असतो. तोच तक्ता कोणी मागे जाऊन तीनदा पाहिला, तर त्याचं बघणं तिन्ही वेळा धरलं जातं. एखाद्या छोट्या व्हिडिओत यामुळे रेघ शंभराच्या वरही जाऊ शकते.

त्यामुळे रेघेतला प्रत्येक उतार म्हणजे गळती, असं मानून चालत नाही. खाली गेलेली रेघ पुढचा विषय सुरू होताच वर आली, तर तो खड्डा आहे. लोक कार्यक्रम सोडून गेलेले नाहीत, त्यांनी तेवढा भाग ओलांडला आहे. आपल्या उदाहरणात परिचयाच्या जागी असा खड्डा आहे. योजनांच्या जागी मिश्र चित्र दिसतं. छत्तीसचे एकोणीस झाले आणि परत फक्त सव्वीसपर्यंत आले. म्हणजे काहींनी तो भाग ओलांडून प्रश्नोत्तरं गाठली आणि राहिलेले तिथूनच गेले. बरोबर तीच सात टक्के माणसं परतली असं आलेख सांगत नाही, पण अंदाजाला तेवढं पुरतं. याउलट रेघ एकदम खाली येऊन तिथेच राहिली, तर ती पायरी, म्हणजे खरी गळती. आणि अचानक वर गेलेला उंचवटा म्हणजे लोक शोधत आले किंवा पुन्हा पाहू लागले.

खड्ड्याचा उपाय जागा बदलण्यात किंवा कापण्यात असतो. पायरी दिसली तर आधी कारण शोधावं लागतं. उंचवटा तर आयोजकांना फुकट मिळालेली मागणीची यादीच असते. तिन्हींना एकच औषध दिलं की कार्यक्रम लहान होतो, पण सुधारत नाही. अर्ध्या तासाच्या त्या सूचनेत घोटाळा हाच आहे. या वेबिनारचा पहिला अर्धा तास ठेवून बाकीचा कापला, तर लोक ज्यासाठी आले होते तो फवारणीचा तक्ताच कापला जाईल आणि परिचय शाबूत राहील.

उंचवट्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण तो पाहून आयोजक खूश होतात आणि पुढे जातात. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एडएक्स या मंचावरच्या ८६२ व्हिडिओंचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्युहो किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. लोक कुठे सोडून जातात आणि कुठे गर्दी करतात, हे त्यांनी सेकंदांच्या पातळीवर तपासलं. गर्दीच्या निम्म्याहून अधिक जागांच्या आसपास पडद्यावरचं दृश्य बदलत होतं, म्हणजे स्लाइड जाऊन वक्त्याचा चेहरा येणं किंवा असं काही. मागे जाऊन पुन्हा बघण्यामागे अनेकदा साधं कारण असतं, हवी ती गोष्ट डोळ्यांपुढून लवकर गेली. आपल्या तक्त्यावरचा उंचवटा मागणी तर दाखवतोच, पण तक्ता पडद्यावर किती वेळ होता हेही तपासायला लावतो. औषध, प्रमाण आणि दोन फवारण्यांमधलं अंतर असे तीन रकाने असलेला तक्ता वीस सेकंदांत गेला असेल, तर शेतकरी तो थांबवून, मागे नेऊन वहीत उतरवून घेणारच. उंचवटा त्यावेळी कौतुकाचा नसून गैरसोयीचा असतो. अशा वेळी तक्ता दोन मिनिटं स्थिर ठेवणं आणि त्याची प्रत व्हिडिओखाली देणं, एवढं पुरतं.

याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण सुरुवातीबद्दल आहे. मध्येच सोडून गेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जण व्हिडिओच्या पहिल्या तीन टक्क्यांतच गेले होते. यात बरेच जण चुकून आलेले असतात. शीर्षक वाचून दुसरंच काही वाटलेले, आवाज तपासणारे, नंतर बघू म्हणून बंद करणारे. म्हणून आपल्या आलेखातले पहिल्या अर्ध्या मिनिटातले ३२ टक्के सगळेच्या सगळे वक्त्याच्या किंवा सूत्रसंचालकाच्या माथी मारू नयेत. कार्यक्रमाचं वाचन मी अर्ध्या मिनिटानंतर सुरू करतो. अर्ध्या मिनिटाला ६८ असलेले सातव्या मिनिटाला ३० झाले, ही गळती मात्र आयोजकांचीच.

आता उताराचा हिशेब. डोळ्यांना रेघेचा उतार दिसतो, पण डोळा इथे फसवतो. रोगाच्या लक्षणांच्या अठरा मिनिटांत रेघ ३८ वरून २७ वर आली, म्हणजे ११ टक्के अंकांची घट. प्रश्नोत्तरांच्या पहिल्या अठरा मिनिटांत ती २६ वरून १५ वर आली, इथेही घट अकराचीच. आलेखावर दोन्ही उतार सारखे दिसतात. पण पहिल्या ठिकाणी ३८ पैकी ११ गेले, म्हणजे शंभरातले २९. दुसऱ्या ठिकाणी २६ पैकी ११, म्हणजे शंभरातले ४२. प्रश्नोत्तरांची गळती जवळजवळ दीडपट आहे. भागायचं ते सुरुवातीच्या हजाराने नाही, त्या भागाच्या तोंडाशी जेवढे होते तेवढ्यांनी. हा एक भागाकार प्रत्येक भागासाठी केला की चित्र पालटतं. बहार आणि विश्रांतीच्या सतरा मिनिटांत २७ पैकी ५ गेले, शंभरातले १८ ते १९. वेळापत्रकाच्या शेवटच्या बारा मिनिटांत ४१ पैकी ५, म्हणजे १२. योजनांच्या पहिल्या सहा मिनिटांत मात्र ३६ पैकी १७, जवळपास निम्मे.

हे वाचताना एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. पन्नासाव्या मिनिटाला असलेले लोक पाचव्या मिनिटाला असलेल्यांसारखे नसतात. कंटाळणारे आधीच गेलेले असतात, राहतात ते चिकट. म्हणून नंतरच्या भागात गळती आपोआप कमी दिसते आणि शेवटचा वक्ता समजतो की आपण बाजी मारली. उलट नंतरच्या भागातही गळती जास्त दिसली, तर ते जास्त गंभीर आहे, कारण चिकट लोकही उठले.

इथपर्यंत फक्त रेकॉर्डिंग पाहिलं. कार्यक्रम जिवंत चालू होता तेव्हाचाही एक हिशेब असतो आणि तो बहुतेकांच्या संगणकात न उघडलेला पडलेला असतो. झूमवर वेबिनार झाला असेल, तर `Reports` मधून `Attendee Report` ही फाइल उतरवता येते. प्रत्येक माणसासमोर `Join Time` आणि `Leave Time` असतं. ज्याचं नेट तुटून पुन्हा जोडलं गेलं, त्याच्या दोन-तीन ओळी दिसतात. एक्सेलमध्ये A रकान्यात एकेक मिनिटाची वेळ लिहावी. फाइलमधली आत येण्याची वेळ समजा J रकान्यात आणि बाहेर जाण्याची K मध्ये असेल, तर त्या मिनिटाला किती जण हजर होते ते असं मिळतं :

```
=COUNTIFS(J:J,"<="&A2,K:K,">"&A2)
```

हे सूत्र खाली ओढलं की हजेरीची रेघ तयार. तिच्यात पुढे उडी मारण्याची सोय नाही, म्हणून खड्डे फारसे नसतात. माणूस असतो किंवा नसतो. एक काळजी मात्र घ्यायची. रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या पहिल्या क्षणापासून सुरू झालेलं नसतं. कोणीतरी तीन-चार मिनिटांनी बटण दाबलेलं असतं, तेवढा फरक दोन्ही रेघा शेजारी ठेवताना वजा करावा लागतो. आपल्या उदाहरणात बटण बरोबर साडेसातलाच दाबलं, असं धरून चालू.

समजा जिवंत कार्यक्रमाला एकूण १२० जण आले. साडेसातला ४६ होते, सात बेचाळीसला ११०. आठ वाजता १०४ होते, ते चार मिनिटांत ८८ झाले आणि आठ मिनिटांनी पुन्हा ९७. साडेआठला, योजना सुरू होताना, ९२. योजना संपल्या तेव्हा ६१. प्रश्नोत्तरांच्या शेवटी ३०.

आता दोन्ही रेघा एकमेकींशी बोलायला लागतात. जिवंत कार्यक्रम भिंतीवरच्या घड्याळावर चालतो. रेकॉर्डिंगला स्वतःचं घड्याळ असतं, ते कोणी पहाटे लावतं, कोणी दुपारी. आठ वाजता जिवंत कार्यक्रमात खाच पडली, पण रेकॉर्डिंगमध्ये तिसाव्या मिनिटाला काहीच नाही. म्हणजे कारण भाषणात नव्हतं, बाहेर होतं. फाइलमध्ये त्याच वेळच्या दुहेरी ओळी पाहिल्या की कळतं. सोळा जण गेले आणि त्यातले बरेचसे पाच-सात मिनिटांत परत आले. एखाद्या भागातली वीज गेली असेल, टॉवर बसला असेल. बहार आणि विश्रांतीचा भाग यामुळे बदनाम होता कामा नये.

योजनांच्या वेळी मात्र दोन्हीकडे गळती आहे. जिवंत कार्यक्रमात ९२ पैकी ३१ गेले, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि रेकॉर्डिंगमध्येही पडझड. दोन वेगळ्या घड्याळांवर एकाच जागी माणसं उठत असतील, तर कारण कार्यक्रमातच आहे. आणि जिथे फक्त रेकॉर्डिंगमध्ये पडझड आहे, ती सुरुवातीची दहा मिनिटं. जिवंत कार्यक्रमात त्याच काळात माणसं वाढत होती. सूत्रसंचालकाने "आणखी काही जण जोडले जातायत, दोन मिनिटं थांबू" म्हणणं त्या संध्याकाळी चूक नव्हतं. ४६ जणांसमोर मुख्य विषय सुरू केला असता, तर उरलेल्या चौसष्ट जणांची सुरुवात हुकली असती. तीच दहा मिनिटं रेकॉर्डिंग बघणाऱ्यासाठी मात्र निव्वळ अडगळ आहेत. यावर तोडगा सोपा आहे. जिवंत कार्यक्रमाची पहिली आठ मिनिटं नोंदणी करताना आलेल्या एक-दोन प्रश्नांवर घालवायची आणि नंतर रेकॉर्डिंगमधून हा भाग कापून टाकायचा. YouTube Studio च्या एडिटरमध्ये तो कापता येतो, व्हिडिओचा दुवाही तोच राहतो. वक्त्यांचा परिचय पडद्यावर दोन ओळींत द्यावा. पदव्या वाचून दाखवल्याने कोणाची फवारणी चुकायची थांबत नाही.

आता योजनांचं काय करायचं? इथे घाई करणारे म्हणतील, विषय नावडता आहे, काढून टाका. पण दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. लोक फवारणीचं वेळापत्रक घ्यायला आले होते, ते मिळालं, ते उठले. पंढरपूरच्या एसटीतून सांगोल्याला उतरलेला प्रवासी गाडीवर रागावलेला नसतो. साठाव्या मिनिटाची पायरी अशी 'आपलं गाव आलं' प्रकारची आहे की 'हे काय सुरू केलं' प्रकारची, हे एका आलेखावरून ठरत नाही. एक खूण मात्र मिळते. माणसं विषय बदलताना, "आता आपण योजनांकडे वळू" या वाक्याच्या आसपास उठली असतील, तर काम झालेले लोक जास्त असावेत. विषय सुरू होऊन तीन-चार मिनिटांनी उठली असतील, तर त्यांनी तो ऐकून नाकारला आहे.

नक्की उत्तर हवं असेल तर क्रम बदलून पाहावा लागतो. तोच विषय, तोच वक्ता आणि तीच वेळ ठेवून कार्यक्रम दोन गटांसाठी दोनदा घ्यायचा. एका गटाला योजना शेवटी, दुसऱ्या गटाला वेळापत्रकाच्या आधी. दुसऱ्या गटात योजनांच्या वेळी गळती तेवढीच राहिली, तर दोष विषयात किंवा मांडणीत. ती कमी झाली, तर दोष जागेचा होता. गट पाडताना सोय बघू नये. सांगोल्याचे शेतकरी एका दिवशी आणि सटाण्याचे दुसऱ्या दिवशी असं केलं, तर फरक क्रमामुळे पडला की पाऊसमान आणि बहार वेगळे असल्यामुळे, हे कळणार नाही. नोंदणीची यादी घेऊन नाणं उडवून दोन गट पाडणं बरं. आणि लांबी व क्रम दोन्ही एकाच वेळी बदलले, तर फरक कशामुळे पडला हे सांगताच येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

अर्थात साठ-साठ जणांच्या गटात लहान फरकाला किंमत नाही. हेच रेकॉर्डिंगलाही लागू आहे. एखाद्या क्षणी २६ टक्के लोक बघतायत, हा आकडा हजार वेळा बघण्यातून आला असेल, तर तो नशिबाने फार तर दोन-तीन अंकांनी इकडेतिकडे होईल. तोच आकडा शंभर वेळा बघण्यातून आला असेल, तर खरी स्थिती १८ ते ३४ मधली कुठलीही असू शकते. शंभरावर काढलेल्या आलेखातले छोटे उंच-सखल पाहून गोष्टी रचू नयेत. तिथे फक्त मोठी पायरी वाचावी.

आता लांबीचा निर्णय. तो 'किती मिनिटं' असा विचारण्यापेक्षा 'कोणती मिनिटं' असा विचारावा. २०१४ मध्येच फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्सच्या सुमारे ६९ लाख वेळा बघण्यांचा हिशेब मांडला होता आणि त्यातून सहा मिनिटांचा आकडा प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मधला विद्यार्थी जेमतेम सहा मिनिटं टिकतो, असा त्याचा निष्कर्ष. तो आकडा आजही वेबिनारवाल्यांच्या तोंडावर फेकला जातो. पण ते अभ्यासक्रमासाठी तयार केलेले, एकापाठोपाठ एक बघायचे धडे होते. बागेत रोग आलेला शेतकरी संध्याकाळी वेळ काढून बसतो तेव्हा त्याची गरज वेगळी असते. त्या अभ्यासातून घ्यायचं ते एवढंच, की एका विषयाचा सलग तुकडा लहान ठेवा.

आपल्या उदाहरणात हिशेब असा मांडता येईल. सुरुवातीची दहा मिनिटं कापून दोन करायची. लक्षणं आणि प्रसार अठराऐवजी बारा मिनिटांत, कारण तिथे एकदम पायरी नाही, पण दर मिनिटाला दीड टक्क्याहून अधिक झिरपा आहे आणि डागांचे फोटो ओळखू येण्यापुरते पुरेसे असतात. बहाराची सतरा मिनिटं तशीच ठेवायची, तिथे लोक टिकले आहेत. वेळापत्रकाची पंधरा मिनिटं वाढवून वीस करायची. हा भाग लोक शोधत येतात, मग त्यालाच घाईत का ठेवायचं? प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं. योजनांचं दहा मिनिटांचं वेगळं रेकॉर्डिंग, त्याचा दुवा शेवटी. बेरीज होते सहासष्ट. म्हणजे एक तास पाच-सहा मिनिटं, सरासरीने सुचवलेल्या अर्ध्या तासाच्या दुपटीहून अधिक.

प्रश्नोत्तरं निम्म्याच्या जवळ आणताना एक गोष्ट बघून घ्यावी. आपल्या रेघेत एक्क्याऐंशीव्या मिनिटाला २१ वरून ३० पर्यंत एक टोक आहे. ऐकून पाहिलं तर कोणीतरी विचारतंय, "साहेब, फवारणी केली आणि तासाभरात पाऊस आला, तर परत करायची का?" बरेच लोक हे उत्तर पुन्हा ऐकतायत. तर हा प्रश्न मुळात वेळापत्रकाच्या भागात यायला हवा होता, तो शेवटच्या वीस मिनिटांत पुरलेला होता. उरलेले बरेच प्रश्न एकेकाच्या बागेपुरते असतात, विचारणारा सोडून बाकीचे कंटाळतात, म्हणून गळती दीडपट. असे प्रश्न फोनवर घ्यावेत.

क्रमाचं सांगायचं तर, 'सगळ्यात हवी ती गोष्ट आधी' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. तज्ज्ञ म्हणतील, फवारणीचं वेळापत्रक बहाराच्या टप्प्यांनुसार चालतं, बहार न समजावता तक्ता दिला तर शेतकरी आपल्या बागेला चुकीचा रकाना लावेल. त्यांचं बरोबर आहे. पण बहाराबद्दलची सगळी सतरा मिनिटं तक्त्याच्या आधी हवीत असं नाही. तक्ता वाचायला लागतं तेवढं चार-पाच मिनिटांत सांगावं, मग वेळापत्रक, आणि हस्त की आंबिया हा निवडीचा, विश्रांतीचा, पुढच्या वर्षीचा विचार त्यानंतर. शिवाय दुसऱ्याच मिनिटाला तक्त्याची एक झलक दाखवून "हा तक्ता आपण आठ वाजता ओळीओळीने बघणार आहोत" असं सांगावं. ज्याला तेवढंच हवं तो आठला येईल. त्यात कमीपणा काही नाही. मुख्य गोष्ट शेवटी दडवून लोकांना अडकवून ठेवायला गेलं, तर जिवंत कार्यक्रमात ते थोडं जमतं, पण रेकॉर्डिंग बघणारा बोटाने सरकवून तिथे पोचतोच.

त्याला सरकवायला सोपं जावं म्हणून व्हिडिओच्या वर्णनात भागांच्या वेळा द्याव्यात. पहिली ओळ शून्यापासून, किमान तीन भाग आणि कोणताही भाग दहा सेकंदांपेक्षा लहान नको. एवढं पाळलं की यूट्यूब पट्टीवर आपोआप खुणा करतं :

```
00:00 तक्त्याची झलक
02:00 तेल्या कसा ओळखावा
14:00 बहाराचं आवश्यक तेवढं
19:00 फवारणीचं वेळापत्रक
```

मात्र या खुणा टाकल्या की आलेखाचा स्वभावच बदलतो. लोक जास्त उड्या मारू लागतात, खड्डे खोल होतात, उंचवटे टोकदार होतात. आधीच्या खुणा नसलेल्या रेकॉर्डिंगशी या रेघेची तुलना करून "नवीन कार्यक्रम वाईट झाला" म्हणणं म्हणजे वजनकाटा बदलून वजन वाढलं म्हणण्यासारखं होईल. तशीच दुसरी चूक टक्क्यांची. शंभर मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा निम्मा भाग म्हणजे पन्नासावं मिनिट, सहासष्ट मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा निम्मा म्हणजे तेहतिसावं. लहान रेकॉर्डिंगची 'सरासरी टक्के पाहिलं' ही पाटी फारसं काही न सुधारताही वर जाते, आणि मंडळी पेढे वाटतात. तुलना करायची तर एकाच भागाची करावी. फवारणीच्या वेळापत्रकापर्यंत किती पोचले, आणि पोचलेल्यांपैकी ते संपेपर्यंत किती राहिले.

आणि ही तुलना सारख्याच काळातल्या प्रेक्षकांची असावी. पहिल्या आठवड्यात रेकॉर्डिंग बघणारे बहुतेक नोंदणी करून कार्यक्रम हुकलेले असतात, ते सुरुवातीपासून बघतात. पुढच्या पावसाळ्यात बागेत डाग दिसल्यावर यूट्यूबवर शोधत येणारा सरळ तक्त्यावर जातो. त्याच्यामुळे सहा महिन्यांनी तोच आलेख वेगळा दिसू लागतो आणि त्यावरून कोणीतरी पुन्हा म्हणतं, पहिली वीस मिनिटं कापू या. Studio मध्ये तारखांचा टप्पा निवडता येतो. पहिल्या सात दिवसांचा आलेख त्याच वेळी काढून जपून ठेवावा, पुढच्या वेबिनारच्या पहिल्या सात दिवसांशी तोच ताडून बघायचा असतो.